चिऱ्याच्या भिंतीतून पडद्याचा ब्रॅकेट काढणे आणि भोके बुजवणे

फोंड्यातील भाड्याची सदनिका सोडताना दिवाणखान्याच्या खिडकीवरची पडद्याची दांडी मला उतरवायची होती. खिडकी ५ फूट रुंद, दांडीला ३ ब्रॅकेट आणि प्रत्येक ब्रॅकेटला २ स्क्रू, म्हणजे भिंतीत एकूण ६ भोके होती. अर्ध्या तासाचे काम समजून मी शिडीवर चढलो. मधला ब्रॅकेट निमूटपणे सुटला, डाव्या टोकाचा स्क्रू मात्र नुसता गरगर फिरत राहिला आणि तो मी चिडून ओढला तेव्हा प्लास्टिकच्या प्लगबरोबर मुठीएवढा गिलावाही हातात आला. दोन मिनिटांच्या त्या उतावीळपणाची दुरुस्ती पुढे आठवडाभर चालली. भिंत हाताळण्याचा सराव नसलेल्या वाचकांसाठी हे काम पायरीपायरीने कसे करावे, ते त्याच खिडकीच्या आधारे येथे लिहीत आहे.

एकच दांडी, दोन प्रकारची भिंत

गोव्यातील बऱ्याच घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतात आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा असतो. खिडकीच्या डोक्यावर मात्र काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते आणि ती खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडीशी भिंतीत शिरलेली असते. त्यामुळे मधला ब्रॅकेट बहुधा काँक्रीटमध्ये बसतो आणि टोकाचे दोन ब्रॅकेट, खिडकीच्या कडेपासून वीतभर दूर असतील तर, चिऱ्यात बसतात. काँक्रीटमधले भोक गोल आणि घट्ट राहते, म्हणून तेथे स्क्रू सरळ सुटतो. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्याच्या पोटात नैसर्गिक पोकळ्याही असतात. ड्रिल थोडे हलले तरी भोक मोठे होते, मग प्लग सैल बसतो आणि काढताना स्क्रूबरोबर जागच्या जागी फिरत राहतो.

आपला ब्रॅकेट कशात बसला आहे हे ओळखणे सोपे आहे. पहिला स्क्रू काढल्यावर भोकात काडी फिरवून बाहेर येणारी भुकटी पांढऱ्या कागदावर घ्यावी. भुकटी राखाडी असेल तर आत काँक्रीट किंवा सिमेंट आहे. तांबूस-तपकिरी असेल तर चिरा आहे. पांढरी, मऊ आणि पिठासारखी असेल तर आपण जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या घरात आहोत आणि तेथील नियम वेगळे आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

ब्रॅकेट सोडवणे

आधी पडदे काढून ठेवावेत आणि मग दांडी उतरवावी, कारण जाड पडद्यांसह दांडी एका हाताने पेलता येत नाही आणि ती एका टोकाला लोंबकळली की दुसऱ्या टोकाचा ब्रॅकेट गिलाव्यासकट उपटला जातो. काही ब्रॅकेटवर स्क्रू दिसतच नाहीत. अशा ब्रॅकेटचा गोल झाकणासारखा भाग हाताने फिरवून निघतो, किंवा खालच्या बाजूस एक बारीक स्क्रू असतो, जो अ‍ॅलन कीने सैल केला की वरचे आवरण सुटते आणि भिंतीवरची पट्टी व खरे स्क्रू उघडे पडतात.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी ब्रॅकेटच्या कडेने धारदार कटर फिरवून रंगाचा थर कापून घ्यावा. घराला दोन-तीनदा रंग दिलेला असेल तर हे रंगाचे थर ब्रॅकेटला भिंतीशी चिकटवून ठेवतात आणि न कापता ओढल्यास रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सोलला जातो. यासाठी लागणारे एक मिनिट वाचवण्यासारखे नाही.

आपल्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतोच, किनाऱ्याजवळच्या घरात तर लवकर. गंजलेला स्क्रू आधी किंचित घट्ट करून पाहावा. त्या हालचालीने गंजाची पकड तुटते आणि मग तो उलटा फिरू लागतो. स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसणाऱ्या मापाचा असावा आणि फिरवताना त्यावर भिंतीच्या दिशेने पूर्ण जोर द्यावा, नाहीतर खाच झिजते. खाच झिजलीच, तर स्क्रूच्या डोक्यावर रुंद रबरबँड ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा, किंवा डोके थोडे वर आले असेल तर पकडीने धरून फिरवावे. गंज सोडवणारे तेल वापरायचे झाल्यास ते काडीच्या टोकाने एकच थेंब स्क्रूवर लावावे. स्प्रेचा फवारा मारू नये, कारण गिलाव्यात मुरलेल्या तेलावर पुढे ना लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, धरते ना रंग, आणि तो डाग नव्या रंगातूनही वर येतो.

माझ्यासारखा स्क्रू जागच्या जागी फिरत असेल तर तो ओढायचा नसतो, फिरवता फिरवता बाहेर यायला लावायचा असतो. त्यासाठी ब्रॅकेटच्या पट्टीखाली रंगाऱ्याचा पत्रा किंवा चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर सरकवावा, त्याच्याखाली भिंतीवर प्लायवूडचा तुकडा आधार म्हणून ठेवावा आणि ब्रॅकेटला हलकेच बाहेरच्या दिशेने रेटत दुसऱ्या हाताने स्क्रू उलटा फिरवावा. बाहेरच्या ताणामुळे प्लग भोकाच्या तोंडाशी अडकतो, फिरायचा थांबतो आणि स्क्रू सुटू लागतो. प्लायवूडचा तुकडा न ठेवल्यास जेथे टेकू लागतो तेथे गिलाव्याला खळगा पडतो आणि बुजवायला सातवे भोक तयार होते. माझ्या उजव्या टोकाचा ब्रॅकेट याच रीतीने, गिलाव्याचा कणही न पडता निघाला. ही युक्ती डावीकडचा गिलावा पडल्यानंतर शेजारच्या मेस्तानी सांगितली.

प्लग काढावा की आत ढकलावा

नवशिक्यांची सर्वाधिक मोडतोड येथे होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो. प्लास्टिकचा प्लग म्हणजे आपल्याकडे दुकानात ज्याला रावळ प्लग किंवा गिट्टी म्हणतात, तो स्क्रू आत गेला की फुगून भोकाच्या भिंतींना घट्ट धरतो. स्क्रू काढल्यावर ही पकड सैल होते, पण पूर्ण सुटेलच असे नाही. प्लगमध्ये तोच स्क्रू तीन-चार आटे परत फिरवावा आणि स्क्रूचे डोके पकडीत धरून सरळ, भिंतीला काटकोनात हलके ओढावे. प्लग सैल असेल तर एवढ्याने निघतो. न निघाल्यास जोर वाढवू नये आणि पकड डावी-उजवीकडे हलवू तर मुळीच नये, कारण गिलावा दाब सोसतो पण अशी उचकटणारी ताण सोसत नाही, आणि भोकाभोवतीचा तुकडा शंकूच्या आकारात फुटून येतो.

माझे मत असे आहे की घट्ट बसलेला प्लग काढण्याचा हट्टच धरू नये. प्लास्टिक कुजत नाही, फुगत नाही आणि गंजतही नाही, त्यामुळे ते आत राहिल्याने काही बिघडत नाही. त्याची बाहेर दिसणारी कड कटरने कापून टाकावी, कारण ती कड असेपर्यंत प्लग आत सरकत नाही, आणि मग जाड खिळ्याचे बोथट टोक त्यावर ठेवून हातोडीने हलके ठोकत प्लग पृष्ठभागापासून किमान ५ मिलिमीटर आत घालवावा. भोक प्लगच्याच लांबीएवढे असेल तर तो आत जाणार नाही. तेव्हा प्लगचे तोंड कटरच्या टोकाने किंवा मोठ्या ड्रिल बिटने तेवढेच ५ मिलिमीटर कोरून काढावे. ड्रिल चालवायचे असेल तर खिडकीवरून एसीची किंवा दिव्याची वायर गेलेली नाही ना हे पाहून आणि त्या खोलीचा एमसीबी बंद करून, बॅटरीवरचे ड्रिल वापरावे.

लाकडाची खुंटी मात्र आत ठेवू नये. जुन्या कामात सुतार भिंतीत लाकडी गुटका ठोकून त्यात स्क्रू बसवत असत आणि अशा भिंती गोव्यात अजून पुष्कळ आहेत. लाकूड पावसाळ्यात ओल घेऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्यावर केलेल्या दुरुस्तीभोवती पहिल्याच वर्षी गोल भेग उमटते. गुटक्याच्या मध्यभागी बारीक भोक पाडून त्यात लांब स्क्रू पिळावा आणि तो ओढून गुटका काढावा, किंवा बारीक छिन्नीने त्याचे उभे तुकडे करून एकेक उपसावा. गुटका हाताला हलका आणि आतून मातीने भरलेला लागला तर ती वाळवी आहे, आणि मग भोक बुजवण्याआधी खिडकीची चौकट तपासणे अधिक तातडीचे आहे. लोखंडी अँकर असल्यास त्याचा नट काढून बोल्ट आत ठोकून पाहावा. जात नसल्यास तो हॅकसॉच्या पात्याने शक्य तितका आत कापून कापलेल्या टोकाला गंजरोधक प्रायमर लावावा, नाहीतर त्याचा गंज काही महिन्यांत पांढऱ्या लांबीतून तांबडा ठिपका बनून बाहेर येतो.

भोक बुजवण्याआधी

मोकळ्या भोकाभोवती बोटाच्या सांध्याने टकटक करून ऐकावे. आवाज भरीव असेल तर गिलावा भिंतीला धरून आहे. ढबढब आवाज आला तर तेवढा भाग सुटलेला आहे आणि तो आताच पाडून टाकावा, कारण सुटलेल्या गिलाव्यावर केलेली दुरुस्ती त्याच्याबरोबरच पडते. भोकाच्या तोंडाशी वर उचललेली कड पत्र्याने खरवडून किंचित खोलगट करावी, म्हणजे भरलेला माल काठाच्या खाली बसतो आणि वर उंचवटा राहत नाही.

मग धूळ काढावी. चिऱ्याच्या बाबतीत ही पायरी दुहेरी महत्त्वाची आहे: धुळीवर कोणताही माल चिकटत नाही, आणि चिऱ्याची लाल भुकटी ओल्या लांबीत मिसळून तिला गुलाबी करते. जुन्या टूथब्रशने भोक आतून झाडावे आणि फुंकर मारताना डोळे मिटून घ्यावेत. त्यानंतर पाण्याच्या फवारणीच्या बाटलीने भोक आतून भिजवावे. चिरा पाणी इतक्या झपाट्याने शोषतो की कोरड्या भोकात भरलेल्या सिमेंटमधले पाणी तो काही मिनिटांत ओढून घेतो, सिमेंट पक्के होण्याआधीच सुकते आणि दुसऱ्या दिवशी बोटाने दाबले तर भुसा होऊन पडते. दोन-तीन वेळा फवारून, पाणी ओघळणे थांबून भिंत नुसती ओलसर दिसू लागली की भरायला घ्यावे. काँक्रीटच्या भोकाला एकच फवारा पुरतो.

भरणे

येथे एक समज दूर करायला हवा. बाजारातील पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी, म्हणजे रंगाऱ्यांची लांबी, पातळ थरासाठी बनवलेली असते. एका हाताला दीड मिलिमीटरच्या आसपास. ४ सेंटिमीटर खोल भोक तिने एकदम भरले तर बाहेरचा थर सुकतो, आतला ओला राहतो, आणि सुकताना ती आकसून मध्ये बशीसारखा खळगा व कडेने भेग पडते. म्हणून खोलीतले भरण सिमेंट-वाळूचे आणि फक्त वरचा थर लांबीचा, अशी विभागणी करावी.

आठ मिलिमीटरच्या सहा भोकांना मिळून माल फारच थोडा लागतो. मी १ चमचा सिमेंट आणि ३ चमचे बारीक चाळलेली नदीची वाळू कोरडीच एकत्र केली आणि थेंब थेंब पाणी घालत, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण हात ओला होणार नाही, इतपत घट्ट माल तयार केला. पातळ माल भोकातून खाली ओघळतो आणि सुकताना जास्त आकसतो. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून घेऊ नये. तिच्यातले मीठ हवेतील ओल ओढते, आतला लोखंडी तुकडा गंजवते आणि रंगावर पांढरी फुले उमटवते. हा माल लहान गोळ्या करून भोकात घालावा, पेन्सिलच्या मागच्या टोकाने आतपर्यंत ठासावा आणि पृष्ठभागाच्या २ ते ३ मिलिमीटर खालीच थांबावे.

डाव्या टोकाला माझा गिलावा पडला होता तेथे साधारण ८ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल खड्डा होता, आणि त्याच्या तळाशी चिऱ्यातली एक पोकळी उघडी पडली होती. अशा पोकळीत नुसता माल भरत गेल्यास तो आत नाहीसा होत राहतो. तेथे चिऱ्याच्या लहान कपच्या भिजवून मालात बुडवल्या आणि पोकळीत दाबून बसवल्या, मग उरलेला खड्डा दोन थरांत भरला. पहिला थर सुमारे ८ मिलिमीटरचा दिला, त्यावर खिळ्याने आडवे-उभे ओरखडे ओढून ठेवले, म्हणजे दुसऱ्या थराला पकड मिळते, आणि दुसरा थर दुसऱ्या दिवशी दिला. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाण्याची फवारणी केली. सिमेंट पाण्याने पक्के होते, वाळून होत नाही. उन्हाळ्यात पंख्याखाली ते लवकर सुकवणारा माणूस आपलेच काम कच्चे करतो.

टूथपेस्ट आणि साबणाचा तुकडा हे भाडेकरूंचे लाडके उपाय आहेत. भोक त्यांनी त्या दिवसापुरते दिसेनासे होते, पण टूथपेस्ट आकसते आणि साबणावर रंग धरत नाही. दोन रंगांचे गोळे मळून तयार होणारे इपॉक्सी वेगळ्या कारणाने नको: ते आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा कितीतरी कठीण होते, त्यामुळे घासताना गिलावा झिजतो आणि ते टेकाडासारखे वर राहते.

लांबी आणि घासणे

माल पक्का झाल्यावर वॉल पुट्टी पाण्यात कालवून गुठळी न राहता श्रीखंडाइतकी घट्ट करावी आणि दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावी. ओलसर केलेल्या जागेवर रुंद पत्र्याने, भोकाच्या काठापलीकडे ५ ते ६ सेंटिमीटर पसरत जाणारा पातळ थर द्यावा. पत्रा भिंतीवर सपाट होत जाईल असा धरून बाहेरच्या बाजूला थर शून्यावर न्यावा. भोकापुरताच गोळा लावून ठेवला तर त्याची कड रंगानंतर हमखास दिसते. पहिला थर सुकला की तो किंचित बसलेला आढळेल, म्हणून दुसरा द्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन थरांत पाच-सहा तासांचे अंतर मला पुरते. पावसाळ्यात पूर्ण दिवस थांबावे लागते, आणि आपण सारे चवथीच्या तोंडावर रंग काढायला घेतो ते नेमके दमट दिवस असतात. थर सुकला आहे की नाही हे रंगावरून कळते: ओली लांबी काळपट दिसते आणि गालाला लावली तर गार लागते.

घासण्यासाठी १५० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून गोल गोल फिरवावा आणि शेवटचा हात २२० नंबरचा द्यावा. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या मापाच्या नाल्या पडतात. पेपरवर लांबी चिकटून गठ्ठे होत असतील तर ती अजून ओली आहे, थांबावे. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरावा. समोरून सपाट वाटणाऱ्या जागेवर या प्रकाशात उंचवट्यांच्या सावल्या पडतात. हे पाहणे महत्त्वाचे, कारण खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाशही याच भिंतीवर तिरकाच पडतो.

रंग

घासलेल्या जागेची धूळ ओल्या फडक्याने टिपून, वाळल्यावर तिला प्रायमरचा एक हात द्यावा. प्रायमर नसेल तर लांबी रंग जास्त शोषते आणि तेवढा भाग मॅट व फिका दिसतो. रंग ब्रशने न देता लहान रोलरने द्यावा, कारण भिंतीवरचा पूर्वीचा पोत बहुधा रोलरचाच असतो. उरलेल्या रंगाचा डबा घरमालकाकडे असतो का ते आधी विचारावे. नसल्यास ब्रॅकेटखालचा रुपयाएवढा रंगाचा पापुद्रा जपून काढून दुकानात दाखवावा. ब्रॅकेटखालचा रंग उन्हाने फिका झालेला नसतो, म्हणून कोड शोधायला तो उपयोगी, पण भिंतीच्या आजच्या छटेशी तो जुळणार नाही हे लक्षात ठेवावे. चार-पाच वर्षे जुन्या भिंतीवर त्याच डब्यातला रंगही ठिपक्यांसारखा उठून दिसतो. मी खिडकीच्या वरची, लिंटेलपासून छतापर्यंतची पूर्ण पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवली. साधारण फूटभर उंचीची ती पट्टी होती आणि दोन हातांना अर्धा लिटर रंगही लागला नाही.

जुन्या चुन्याच्या भिंतीचा अपवाद

भुकटी पांढरी आणि मऊ निघाली असेल तर वर सांगितलेले सिमेंट वापरू नये. चुन्याचा गिलावा मऊ असतो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडत राहतो; त्यात बसवलेला सिमेंटचा कठीण गोळा ओल अडवतो आणि एक-दोन पावसाळ्यांत त्याच्या कडेचा चुना पोपडे धरून सुटतो. तेथे चांगल्या भिजवलेल्या चुन्याचा १ भाग आणि बारीक वाळूचे ३ भाग असा माल, जागा ओली करून, ५ ते ६ मिलिमीटरच्या थरांनी भरावा. चुना हवेशी संपर्क होऊन सावकाश पक्का होतो, म्हणून दोन थरांत काही दिवस जाऊ द्यावेत आणि वर प्लास्टिक रंगाऐवजी चुन्याचाच हात द्यावा.

त्याच जागी नवा ब्रॅकेट लावायचा असल्यास

लांबी भरलेल्या जागेत स्क्रू धरत नाही. नवे भोक बुजवलेल्या भोकापासून किमान ५ सेंटिमीटर दूर पाडावे, शक्य असेल तर लिंटेलच्या काँक्रीटमध्ये, आणि चिऱ्यातच पाडावे लागले तर हॅमर बंद ठेवून नुसत्या फिरत्या ड्रिलने, प्लगच्या मापाहून एक नंबर लहान बिट घेऊन पाडावे.